आभाराच्या पोस्टचे तीन मसुदे

रात्री साडेअकराला भाच्याचा फोन आला. इतक्या उशिरा तो कधी करत नाही. "मामा, थोडी गडबड झाली," म्हणाला. आवाजात घाबरण्यापेक्षा ओशाळल्याचा भाग जास्त होता.

झालं होतं असं. आठ महिने बेकार राहिल्यावर त्या संध्याकाळी त्याला नागपूरच्या मिहानमधल्या एका कंपनीचं ऑफर लेटर आलं. रुजू व्हायची तारीख पुढच्या महिन्याची १, म्हणजे अजून तीन आठवडे. आनंदात त्याने मोबाइलवर लिंक्डइन उघडलं आणि प्रोफाइलमध्ये नवीन पद भरून टाकलं. त्या फॉर्मवर Notify network नावाचा एक खटका असतो. तो सुरूच होता. त्याने तिकडे पाहिलंच नाही. सेव्ह केल्यावर "नवीन पदावर रुजू होत आहे" अशी तयार ओळ सगळ्यांना गेली आणि अर्ध्या तासात चाळीसेक अभिनंदनं आली.

त्यातलं तिसरं का चौथं अभिनंदन त्याच्या दोस्ताचं होतं. ज्याने त्याचा रिझ्यूमे त्या कंपनीत पुढे दिला, तोच दोस्त. त्याने लिहिलं होतं, "अभिनंदन बे. मला सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी नवीन कंपनीच्या एचआर मॅडमचा फोन. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन अजून चालू आहे, तेव्हा जॉइन होईपर्यंत हे काढून ठेवाल का, असं त्यांनी गोड शब्दांत विचारलं. गोड शब्दांत विचारलं तरी त्याचा अर्थ एकच होतो. त्याने पद काढलं, पोस्ट काढली. पण ज्यांनी पाहायचं त्यांनी पाहिलं होतं.

मी हिंगण्याच्या एमआयडीसीत वीसेक वर्षं कारखान्यांचं एचआर सांभाळलं, आता स्वतंत्रपणे भरतीचं काम करतो. नवीन नोकरीच्या आभाराच्या पोस्टी रोज डोळ्यांखालून जातात, आणि लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असूनही त्या चारचौघांत मिरवल्यासारख्या का वाटतात, हे मला बरेच दिवस नीट बसून पाहायचं होतं. भाच्यामुळे ती संधी आली. त्याच्या परवानगीने हे लिहितोय. नावं कुणाचीच देत नाही.

पहिला मसुदा

भाचा बत्तीस वर्षांचा आहे, मानेवाड्याला राहतो. बुटीबोरीच्या एका कारखान्यात सात वर्षं मेंटेनन्स प्लॅनिंग करायचा. दिवाळीच्या आधी ती लाइन बंद झाली आणि १९ जण एकाच दिवशी घरी आले. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रविवारी तो माझ्याकडे पोस्टचा मसुदा घेऊन आला. रुजू झाल्यावर टाकायचा होता. "मामा, तुम्ही एकदा पाहून घ्या नं," म्हणाला. मसुदा असा होता:

"सांगताना अत्यंत अभिमान वाटतो की शेकडो उमेदवारांमधून, पाच खडतर फेऱ्या पार करून मी एका नामांकित बहुराष्ट्रीय कंपनीत रुजू होत आहे. हा प्रवास सोपा नव्हता. आठ महिने अनेकांनी पाठ फिरवली, पण मी हार मानली नाही. मेहनत आणि चिकाटी असेल तर काहीही अशक्य नाही. माझ्यासारख्या सामान्य मुलाला ही संधी मिळाली हे माझं भाग्य. माझ्या संपूर्ण नेटवर्कचे, मार्गदर्शकांचे आणि हितचिंतकांचे मनापासून आभार. हे यश तुमचंच आहे!"

खाली ३१ जणांची नावं टॅग केलेली. सोबत ऑफर लेटरचा फोटो, त्यात पगाराच्या आकड्यावर अंगठा ठेवलेला.

मी त्याला विचारलं, शेकडो कुणी सांगितलं? म्हणाला, जाहिरातीखाली शंभरावर आकडा दिसत होता. आता हा आकडा फसवा असतो. अर्ज कंपनीच्या वेबसाइटवर जाऊन भरायचा असेल, तर लिंक्डइनला अर्ज किती पूर्ण झाले हे कळत नाही. किती जणांनी बटण दाबलं तेवढंच तो आकडा सांगतो. म्हणजे पोस्टचं पहिलंच वाक्य त्याला स्वतःला माहीत नसलेल्या गोष्टीवर उभं होतं. पण समजा आकडा खरा असता, तरी मी ते वाक्य काढायला लावलं असतं. कारण त्या शेकडोंत त्याच्या लाइनवरचे १८ जण असू शकतात. निदान चौघांनी त्याच कंपनीत अर्ज केला होता, हे त्यालाच माहीत होतं.

तो गप्प झाला. पोस्ट लिहिताना त्याच्या डोळ्यांपुढे अभिनंदन करणारे लोक होते. मी त्याला दुसरा वाचक दाखवला. तो वाचक अजून घरी आहे, सकाळी मुलाला शाळेत सोडून येतो आणि चहा पिताना मोबाइल उघडतो. अभिनंदन करणारे वाक्य तपासून वाचत नाहीत, हा माणूस शब्दन् शब्द वाचतो. बढाई वाटेल की नाही याचा निकाल तोच देतो.

पुढचं वाक्य "अनेकांनी पाठ फिरवली." किती जणांनी? जरा खोदल्यावर दोन नावं निघाली. एक जुना सहकारी फोन उचलत नव्हता आणि एक नातेवाईक "बघतो" म्हणून विसरला. ते दोघं ही पोस्ट वाचून स्वतःला ओळखणारही नाहीत. उलट ज्यांनी काही वाईट केलं नाही असे पन्नास जण मनात म्हणतील, हा माझ्याबद्दल तर बोलत नाही? आभाराच्या पोस्टमध्ये तक्रार घातली की आभार फिके पडतात आणि तक्रार तेवढी लक्षात राहते.

"माझ्यासारख्या सामान्य मुलाला" या शब्दांवर तो अडून बसला. म्हणाला, हे तर नम्रपणाचं आहे. मला मात्र सगळ्या मसुद्यात तेच जास्त खटकलं. सात वर्षं प्लॅनिंग केलेला इंजिनिअर सामान्य नसतो, हे वाचणाऱ्याला कळतं. मग तो स्वतःला सामान्य का म्हणवतो? तर समोरच्याने "छे, छे, तू कुठला सामान्य" म्हणावं म्हणून. आपल्याकडे लग्नात यजमान म्हणतात नं, "काही खास नाही, साधंच केलंय," आणि मागे चार प्रकारची मिठाई मांडलेली असते. तसं ते वाक्य होतं. सरळ "अभिमान वाटतो" म्हणणारा माणूस त्यापेक्षा परवडतो.

आणि शेवटी "हे यश तुमचंच आहे." ३१ जणांचं? मी विजेच्या बिलाची मागची कोरी बाजू काढली आणि म्हटलं, सांग एकेकाचं. कुणी काय केलं आणि त्यामुळे काय बदललं.

बिलाच्या मागची यादी

पहिली दहा नावं पाच मिनिटांत गेली. त्यांनी कधीतरी "ऑल द बेस्ट" म्हटलं होतं. मग कॉलेजचे काही प्राध्यापक गेले, त्यांच्याशी सहा वर्षांत बोलणं नव्हतं. एक मोठा उद्योजक गेला, ज्याच्या कार्यक्रमात भाचा प्रेक्षकांत बसला होता. हे नाव का टाकलं विचारल्यावर तो हसला. मोठ्या माणसाला टॅग केलं की पोस्ट लांब जाते, असं कुणीतरी त्याला सांगितलं होतं. टॅग केल्यावर त्या माणसाला सूचना जाते आणि त्याच्या ओळखीच्यांनाही पोस्ट दिसू शकते, हे खरं आहे. पण ज्याने काही केलंच नाही त्याचे आभार मानणं म्हणजे त्याच्या ओसरीवर आपला बॅनर लावण्यासारखं आहे. तो स्वतःचा टॅग काढूही शकतो.

तासाभराने कागदावर पाच माणसं होती, त्यातला एक त्या ३१ जणांत नसलेला. इथून पुढे काम सोपं होईल असं मला वाटलं होतं, पण खरी गुंतागुंत या पाचांतच होती.

पहिला तो दोस्त. तो त्याच कंपनीत आहे, त्याने जागा निघाल्याचं कळवलं आणि रेफरलमध्ये रिझ्यूमे टाकला. बऱ्याच कंपन्यांत रेफरलने आलेला माणूस काही महिने टिकला तर रेफर करणाऱ्याला पैसे मिळतात. त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण "याच्यामुळे मला नोकरी लागली" असं जाहीर लिहिलं की आपल्या गावात त्याचं भाषांतर एकाच शब्दात होतं: वशिला. त्याने भाच्याची निवड कमी ठरते आणि दोस्ताची तर पंचाईतच. शिवाय दुसऱ्या दिवसापासून अर्धं बुटीबोरी त्याच्या इनबॉक्समध्ये. मी भाच्याला म्हटलं, आधी त्याला भेट, त्या रात्रीबद्दल बोल आणि मग विचार, नाव घालू का. दोघं शंकरनगरला चहाला भेटले. दोस्ताने माफ केलं आणि नावाला नाही म्हटलं. "आभार मान, पण माझं नाव नको लिहू. अख्खी शिफ्ट माझ्या मागे लागून राहील."

दुसरे पुण्यातले कॉलेजचे सीनियर, ज्यांना तो दादा म्हणतो. त्यांनी रात्री दहानंतर फोनवर दोनदा सरावाची मुलाखत घेतली. दुसऱ्या वेळी त्यांनी एक वाक्य सांगितलं: "तुझं प्रत्येक उत्तर 'आम्ही'ने सुरू होतं. आम्ही डाउनटाइम कमी केला, आम्ही स्टॉक लावला. त्यात तू काय केलंस?" भाच्याने ते वहीत लिहून ठेवलं आणि उत्तरं पुन्हा बसवली.

इथे मला एक गंमत दिसली. मुलाखतीत त्याने "आम्ही" सोडून "मी" धरला आणि काम झालं. पोस्टमध्येही तो तोच "मी" घेऊन आला होता. मुलाखतीत समोरचा तोच प्रश्न विचारत असतो, तू काय केलंस म्हणून. पोस्ट वाचणाऱ्याने तो प्रश्न विचारलेलाच नसतो. त्याच्या पहिल्या मसुद्यातली वाक्यं घ्या: मी रुजू होत आहे, मी हार मानली नाही, मला संधी मिळाली. काहीतरी करणारा माणूस सगळीकडे तोच. आभार मानलेली माणसं शेवटी एका ओळीत, घोळक्याने उभी.

तिसऱ्या हैदराबादच्या एक बाई. त्यांची त्याची ओळख नव्हती. त्या याच क्षेत्रात भरती करतात, त्याने मेसेज केला, त्यांनी चार ओळींचं उत्तर दिलं. कारखान्यात वापरायच्या एसएपी सॉफ्टवेअरबद्दल रिझ्यूमेत त्याने नुसतं "एसएपी येतं" लिहिलं होतं. त्या म्हणाल्या, कोणतं मॉड्यूल? हा पीएम, म्हणजे मेंटेनन्सचं मॉड्यूल रोज वापरायचा आणि सुटे भाग मागवण्यासाठी एमएम, म्हणजे मटेरियलचं मॉड्यूलही. एमएमचा उल्लेखच नव्हता, आणि मटेरियल प्लॅनिंगच्या जागेसाठी तोच आधी शोधला जातो. ती ओळ बदलल्यानंतर त्याला बोलावणी यायला लागली. त्यांना विचारलं, त्यांनी आनंदाने होकार दिला.

चौथे जुन्या कारखान्यातले साहेब. नवीन कंपनीने चौकशीचा फोन केला तेव्हा ते त्याच्याबद्दल चांगलं बोलले. भाच्याला सगळ्यात मोठे आभार त्यांचेच मानायचे होते. पण त्या कारखान्यात नियम असा, की माजी कामगाराबद्दल माहिती फक्त एचआरने द्यायची, तीही पद आणि तारखा एवढीच. असे नियम बऱ्याच ठिकाणी असतात. साहेबांनी माणुसकीने केलेली गोष्ट जाहीर पोस्टमध्ये आली तर त्यांच्याच विरुद्ध पुरावा ठरेल. नाव न घेता "माझ्या जुन्या साहेबांनी" लिहिलं तरी भागत नाही, कारण प्रोफाइलवर जुन्या कारखान्याचं नाव आहे आणि तिथे त्याला साहेब एकच होते. तेव्हा साहेब पोस्टमधून पूर्ण बाहेर. भाचा संत्रा बर्फीचा डबा घेऊन त्यांच्या घरी गेला आणि तासभर बसून आला.

पाचवे त्याचे भाऊजी. इतवारीत त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे. आठातले सहा महिने भाचा तिथे गल्ल्यावर बसला, हिशेब पाहिले, घरखर्च चालला. भाऊजी लिंक्डइनवर नाहीत. म्हणून पहिल्या मसुद्यात ते नव्हतेच. ३१ टॅगांच्या गर्दीत ज्याने सहा महिने घर सावरलं तो माणूस नाही, हे भाच्याच्या लक्षात आलं तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

दुसरा मसुदा, थोडक्यात

माझं इतकं ऐकल्यावर त्याने दुसरं टोक गाठलं. "नवीन काम सुरू केलं आहे. सर्वांचे आभार." झालं. यात बढाई नाही, पण माहितीही नाही. कुठे, कोणतं काम, कधीपासून, काही नाही. अशी पोस्ट वाचून लोक फोन करून विचारतात आणि मग तेच सगळं चाळीस वेळा सांगावं लागतं. पद आणि कंपनीचं नाव सांगणं म्हणजे मिरवणं नव्हे. ती बातमी आहे, आणि बातमी सरळ सांगितली की ती खटकत नाही. "नामांकित बहुराष्ट्रीय" हा शेरा असतो, कंपनीचं नाव ही वस्तुस्थिती असते.

तिसरा मसुदा

भाषेवर थोडी चर्चा झाली. नवीन कंपनीत चेन्नई-हैदराबादची माणसं आहेत, म्हणून त्याला इंग्रजी हवं होतं. पण आभार ज्यांचे मानायचे त्यातले बहुतेक मराठी, आणि इंग्रजीत लिहायला बसलं की त्याच्या हातून आपोआप तीच ठरलेली वाक्यं उतरत होती. शेवटी पोस्ट मराठीत आणि खाली दोन ओळी इंग्रजीत, फक्त बातमीच्या, असं ठरलं.

ही ती पोस्ट. कंपनीचं नाव, माणसांची नावं आणि त्या इंग्रजी ओळी मी गाळल्यात.

"१ तारखेपासून मिहानमध्ये (कंपनी) इथे मटेरियल प्लॅनिंगचं काम सुरू केलं. त्याआधी आठ महिने नोकरी नव्हती. त्या काळात काही जणांनी माझ्यासाठी वेळ काढला, त्यांच्याबद्दल हे लिहितोय.

पुण्याच्या (नाव) दादांनी रात्री दहानंतर दोनदा फोनवर सरावाची मुलाखत घेतली. 'प्रत्येक उत्तर आम्हीने सुरू करतोस, त्यात तू काय केलंस?' असं त्यांनी विचारलं. खऱ्या मुलाखतीत दुसऱ्या क्रमांकाचा प्रश्न हाच होता.

हैदराबादच्या (नाव) मॅडमची आणि माझी ओळख नव्हती. एका मेसेजवर त्यांनी माझा रिझ्यूमे वाचला आणि त्यात एसएपीचं कोणतं मॉड्यूल लिहायचं राहिलंय ते दाखवलं. ती एक ओळ बदलल्यावर बोलावणी यायला लागली.

एका जुन्या सहकाऱ्याने जागा निघाल्याचं कळवलं आणि रिझ्यूमे पुढे दिला. नाव लिहू नको म्हणालाय.

सहा महिने भाऊजींच्या इतवारीतल्या दुकानात बसलो. मुलाखतीसाठी सुटी मागितली तेव्हा त्यांनी एकदाही 'आजच का' असं विचारलं नाही. ते इथे नाहीत, ही पोस्ट त्यांना घरी वाचून दाखवणार आहे.

बुटीबोरीच्या आमच्या लाइनवरचे काही जण अजून शोधताहेत. मेंटेनन्स, स्टोअर किंवा प्लॅनिंगचा रिझ्यूमे असेल तर मला पाठवा. या महिन्यातल्या चारही रविवारी सकाळी मी पाहायला बसेन. नोकरी लावून देणं माझ्या हातात नाही, रिझ्यूमेत काय राहिलंय ते सांगू शकतो."

पहिल्या दोन ओळींवर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला. मोबाइलवर पोस्टच्या सुरुवातीच्या दोन-तीन ओळीच दिसतात, बाकीचं …more च्या मागे जातं, आणि बरेच लोक तिथूनच पुढे सरकतात. म्हणजे पोस्ट ३,००० अक्षरांपर्यंत लिहिता येत असली तरी बऱ्याच वाचकांसाठी ती तेवढीच असते. त्या दोन-तीन ओळींत बातमी पूर्ण हवी आणि पुढे दुसऱ्यांबद्दल लिहिलंय हे कळायला हवं. "सांगताना अत्यंत अभिमान वाटतो की" एवढ्यातच त्यातली निम्मी जागा गेली असती.

"आठ महिने नोकरी नव्हती" हे लिहायचं का, यावर त्याची आई, म्हणजे माझी बहीण, नाराज होती. लोकांना कशाला सांगायचं? मी म्हटलं, ताई, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, आणि ज्यांना नाही त्यांना आभार का हेच कळणार नाही. पण तिचं एक मी ऐकलं. त्याबद्दल एकच वाक्य ठेवलं. रात्री झोप यायची नाही, पोराच्या फीचं काय केलं, असं काही नाही. संकट जितकं रंगवावं तितका लिहिणारा मोठा दिसतो, आणि आपण पुन्हा पहिल्या मसुद्याच्या दारात उभे राहतो.

शेवटच्या परिच्छेदात त्याने आधी "कुणालाही काहीही मदत लागली तर हक्काने सांगा" असं लिहिलं होतं. सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर असलेल्या माणसाने असं आश्वासन देऊ नये. नव्या कंपनीत तो अजून कुणाला ओळखत नाही आणि आल्या आल्या दहा रिझ्यूमे पुढे सरकवणारा माणूस तिथेही बरा दिसत नाही. म्हणून चार रविवार, तीन प्रकारची कामं आणि हातात काय नाही ते. पाळता येईल एवढंच.

टाकायची कधी आणि कशी

या वेळी घाई नव्हती. १ तारखेला रुजू झाल्यावर त्याने प्रोफाइलमध्ये पद भरलं, पण Notify network बंद करून. नाहीतर ती तयार ओळ पोस्टच्या आधी जाते, लोक तिथेच अभिनंदन करून मोकळे होतात आणि मग खरी पोस्ट दुसरी वरात वाटते. पहिल्या आठवड्यात त्याने नवीन मॅनेजरना विचारलं, कंपनीचं नाव घालून लिहिलं तर चालेल नं? त्यांनी एवढंच सांगितलं, की क्लायंटचं नाव आणि कोणतं उत्पादन ते लिहू नको. न विचारता त्याने कदाचित लिहिलंही असतं.

फोटोसाठी ऑफर लेटर बाद झालं. पगारावर अंगठा ठेवला तरी वर संदर्भ क्रमांक, पत्ता, सही सगळं दिसत होतं. मग त्याला गळ्यात ओळखपत्र घातलेला फोटो टाकायचा होता. त्यावर एम्प्लॉयी नंबर आणि बारकोड. तोही बाद. शेवटी त्याने वहीचं ते पान टाकलं. दादांशी बोलताना निळ्या पेनाने लिहिलेलं, "आम्ही" खोडून वर "मी" लिहिलेलं. पानाच्या कोपऱ्यात कुणाचा तरी मोबाइल नंबर होता, तो आधी कापला. पोस्टमधला मजकूर नंतर दुरुस्त करता येतो, फक्त Edited असा शिक्का दिसतो. फोटो मात्र बदलता येत नाही, म्हणून तो दोनदा पाहायचा.

दादांना आणि मॅडमना त्याने मजकूर आधी पाठवला. मॅडमनी एक शब्द बदलायला सांगितला. आधी त्याने "रिझ्यूमे सुधारून दिला" लिहिलं होतं. त्या म्हणाल्या, मी सुधारला नाही, दाखवलं फक्त. सुधारून द्यायला मी पैसे घेते, लोकांचा गैरसमज होईल. हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नसतं. टॅग शेवटी दोनच राहिले, या दोघांचे.

वेळेचं म्हणाल तर अमुक वाराला अमुक वाजता टाकली की चालते, असल्या हिशेबात मी पडत नाही. ऑफिसमधून घरी आल्यावर, जेवण झाल्यावर, पुढचा तासभर फोन हातात धरता येईल तेव्हा टाक म्हटलं. त्याने बुधवारी रात्री टाकली.

पुढे काय झालं

पहिल्या त्या चुकून गेलेल्या ओळीपेक्षा या पोस्टला अभिनंदनं थोडी कमीच आली. आधीच दिलेली होती म्हणूनही असेल. पण लोकांनी लिहिलं जास्त. त्या वेळी आलेली बहुतेक लिंक्डइननेच सुचवलेली दोन शब्दांची तयार वाक्यं होती. या वेळी कुणी दादांबद्दल लिहिलं, की त्यांनी मलाही अशीच मुलाखत घेऊन रडवलं होतं. मॅडमना दोन नवीन माणसांनी काम दिलं, असं त्यांनी नंतर कळवलं. तयार वाक्यांना भाच्याने नुसता लाइक दिला, स्वतःचं काही लिहिणाऱ्यांना उत्तर.

एकाने लिहिलं, "नशीबवान आहेस." भाचा चिडला. त्याने उत्तर टाइप केलं होतं, आठ महिन्यांत किती अर्ज केले, किती नकार आले, सगळा हिशेब. मला दाखवलं. लिहिणारा त्याच्याच लाइनवरचा, अजून घरी असलेला. मी म्हटलं, हे खोडून "हो रे, आहे" एवढं लिही. आणि खोटं काय त्यात? तीच ओळ दुसऱ्या कुणी बदलली असती किंवा तीच जागा एक महिना आधी निघाली असती तर?

दहाव्या दिवशी त्याला कंपनीच्या प्रमुखांच्या नावाने मेल आला. मी मीटिंगमध्ये आहे, एक छोटं काम आहे, तुझा व्हॉट्सॲप नंबर दे. पत्ता साध्या जीमेलचा होता. नवीन नोकरीच्या पोस्टी पाहून असे लोक नव्या माणसाला गाठतात, कारण त्याला प्रमुख कसे लिहितात हे माहीत नसतं आणि नाही म्हणायचा धीरही नसतो. पुढची पायरी गिफ्ट कार्ड विकत घ्यायला लावायची असते. त्याने मॅनेजरना दाखवलं. तिथे हे आधी दोघांना होऊन गेलं होतं. पोस्ट कितीही नीट लिहिली तरी ही बाजू टळत नाही, कारण तिला नाव आणि कंपनी एवढंच पुरतं.

रिझ्यूमे नऊ आले. त्यातले तीन बुटीबोरीच्या लाइनवरचे. पहिल्या रविवारी तो माझ्याच घरी बसला, कारण त्याच्या घरी पोरगं लॅपटॉपवर हात मारतं. तिघांपैकी दोघांच्या रिझ्यूमेत तीच चूक, नुसतं "एसएपी येतं." त्याने लाल पेनाने गोल केला आणि बाजूला लिहिलं, कोणतं?

दुपारी जेवायला बसलो होतो तेव्हा त्याचा फोन वाजला. तो "नशीबवान" लिहिणारा. भाच्याने स्पीकरवर टाकला.

"काय करून राहिला बे?"

"जेवून राहिलो. बोल."

"माझा पण पाठवू का? थोडा जुना आहे पण."

"पाठव नं. चार वाजेपर्यंत इथेच आहे मी."